कोचची मुलाखत ऐकताना भारी आणि कागदावर उतरवली की मेलेली? नेमकं काय बिघडतं ते

हा प्रॉब्लेम मला इतक्यांदा आलाय की आता लिहूनच ठेवतो. मी कबड्डीवर लिहितो, बहुतेक वेळा जिल्ह्यातल्या कोचच्या मुलाखती, प्रश्नोत्तर स्वरूपात. रेकॉर्डिंग ऐकताना माणूस जबरदस्त बोलतोय असं वाटतं, आपण खुश, आणि मग टाईप करून वाचायला घेतलं की दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर नुसता गोंधळ, कोण कुणाला पकडतंय तेच कळत नाही. नाहीतर आपण तो गोंधळ साफ करत करत एवढा साफ करतो की कोच एकदम सत्कार समारंभात भाषण केल्यासारखा बोलायला लागतो, "संयम अत्यंत महत्त्वाचा असून" वगैरे, आणि छापून आल्यावर त्याचा फोन येतो, अहो हे मी कधी बोललो?

आधी वाटायचं माझं एडिटिंग कच्चं आहे. तसं नाहीये. (म्हणजे तेही असेल थोडं.) खरं कारण असं की कोच नुसत्या तोंडानं बोलतच नाही. तो मॅटच्या कडेला उभा असतो, समोर पोरं खेळतायत, तो हात करतो, पाय टाकून दाखवतो, एखाद्याचा खांदा धरून "हा असा" म्हणतो. तुम्ही तिथं असता म्हणून तुम्हाला सगळं कळतं. रेकॉर्डरला फक्त आवाज मिळतो. म्हणजे निम्मी मुलाखत फाईलमध्ये आलेलीच नसते, आणि ती निम्मी परत कुठं आणि कशी भरायची, सगळी गोम तिथं आहे.

एक खरा तुकडा देतो. संध्याकाळची प्रॅक्टिस, शाळेचा हॉल, सांगलीकडचे एक सर, मी विचारलेलं की बोनस गुण एवढे का जातात तुमच्या टीमचे. तेविसाव्या मिनिटाला हे आहे, जसंच्या तसं:

"नाही बघा, म्हणजे तो आला ना बोनसला, की हा लगीच जातोय. जायचंच नाही. मी काय म्हणतोय, थांब. तो पाय टाकणार, इथं, असा. तेव्हा त्याचा मागचा कुठंय? वर. मग तेव्हा जा. धरायचा हा. तोपर्यंत आपण हलायचं नाही. आणि एकटा गेला की संपलं, तो आला पाहिजे ना इकडनं. तो येत नाही, बघत बसतो. अरे ए, बाहेरची चप्पल मॅटवर नको! हां, आणि तीनच राहिले की मग तर काय, दोन मिळतात ना, पोरं येडी होतात, धावतातच."

आता यातले "तो" मोजा. "तो आला" म्हणजे रेडर, चढाईला आलेला. "तो आला पाहिजे इकडनं" म्हणजे कव्हर, कॉर्नरच्या शेजारचा बचावपटू. "तो येत नाही" परत कव्हर. "हा" म्हणजे कॉर्नरचा पोरगा, पण "धरायचा हा" मधला हा म्हणजे पाय. मराठीत सर्वनामाला काही सोयच नाही, सगळे पुरुष खेळाडू तो नाहीतर हा, पायसुद्धा हा. ऐकताना सरांचं बोट कुठं आहे ते दिसत होतं म्हणून अडलं नाही.

म्हणून मी सगळ्यात पहिली टेस्ट हीच लावतो. पूर्ण टाईप झालं की प्रिंट काढायची नाहीतर स्क्रीनवरच, प्रत्येक तो, हा, इथं, तिकडं, असा, यावर खूण करायची आणि त्या जागी नाव लिहिता येतंय का बघायचं. नाव म्हणजे पोराचं नाव नाही, जागेचं: रेडर, लेफ्ट कॉर्नर, राईट कव्हर. जिथं खात्रीनं लिहिता येतं तिथं लिहायचं. जिथं अंदाजानं लिहावं लागतंय तिथं हात काढायचा आणि एक यादी करायची, सरांना फोनवर विचारायच्या गोष्टींची. या तुकड्यात माझी अडलेली जागा होती "धरायचा हा". पुढचा पाय का मागचा? मी आधी मागचा लिहिलेला, कारण लगेच आधी मागच्या पायाचं बोलणं चाललंय, वाक्यावरून तसंच वाटतं. फोन केला तर सर म्हणाले, "मागचा हवेत असतोय तो कशाला धरताय, टाकलाय तो धरा." बरोबरच आहे, सगळं वजन त्या एका पायावर असतं त्या क्षणी. पण हे छापून गेलं असतं तर कॉर्नरला खेळणारा कुठलाही पोरगा हसला असता.

डाव्या-उजव्याचं तर विचारूच नका. कबड्डीत लेफ्ट कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्यांचा लेफ्ट, त्यांचं तोंड मध्यरेषेकडं असताना. मी आणि सर बसलेलो मध्यरेषेच्या अलीकडं, म्हणजे रेडर जिकडून येतो तिकडं, तोंड बचावाकडं. सर हात करून म्हणाले "हा उजवीकडचा बघा". माझ्या उजवीकडचा म्हणजे प्रत्यक्षात लेफ्ट कॉर्नर! आणि तेच सर दहा मिनिटांनी "माझा राईट कॉर्नर" म्हणतात तेव्हा ते खेळातलं नाव असतं, म्हणजे आमच्या डाव्या हाताचा. दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे असं समजून मी एकदा एका पोराला दोन्ही कोपऱ्यांत उभं केलंय. त्यामुळं आता मुलाखतीला बसलो की वहीच्या पहिल्या पानावर मॅटचा चौकोन काढतो, मध्यरेषा, बोनस लाईन, सात टिंबं, आणि मी कुठं बसलोय तिथं फुली. सरांनी हात केला की टिंबावर गोल आणि शेजारी रेकॉर्डरवरची वेळ, २३:१०, २३:४० अशी. हे एवढंसं काम आहे पण नंतर टाईप करताना निम्मे "इथं" यातूनच सुटतात. व्हिडिओ काढला तर आणखी बरं पण फोन समोर धरला की काही कोच एकदम सावध होतात, शिवाय पोरं अठराच्या आतली असतात, त्यांचं शूटिंग कुणाला विचारून केलं हा प्रश्न येतोच, म्हणून मी वही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, जी वरच्याच तुकड्यात केलेली. पहिल्या ड्राफ्टमध्ये मला जागा कमी पडत होती (पंचेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, छापायला हजार-बाराशे शब्द, म्हणजे सगळंच कापायचं असतं) तर मी ते उत्तर आवळून असं केलं:

"चढाईपटू बोनससाठी आला की आमची पोरं घाई करतात, विशेषतः तिघेच उरले असतील तर दोन गुणांच्या मोहापायी ती धावून जातात."

वाचायला गुळगुळीत. आणि साफ चूक. बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू मॅटवर असावे लागतात. तिघं असताना बोनस नावाची भानगडच नसते, तेव्हा जे दोन गुण मिळतात ते सुपर टॅकलचे, मॅटवर तीन किंवा कमी जण असताना रेडरला पकडलं तर. सरांनी दोन वेगळ्या परिस्थिती सांगितल्या होत्या, मध्ये चप्पलवाल्याला ओरडले, आणि "हां, आणि" म्हणून दुसरीकडं गेले. मी मधली चप्पल काढली आणि दोन्ही टोकं "विशेषतः" नं शिवली. सर कधीच न बोललेलं, नियमातच न बसणारं वाक्य सरांच्या तोंडी. छापायच्या आधी एका खेळलेल्या मित्रानं वाचलं म्हणून वाचलो.

हे कसं ओळखायचं? माझा अनुभव असा की बिघाड जवळजवळ नेहमी वाक्यं जोडणाऱ्या शब्दात असतो. विशेषतः, म्हणूनच, त्यामुळे, परिणामी, तरीही. बोलणारा माणूस हे शब्द फार कमी वापरतो, तो "आणि", "मग", "हां" म्हणतो. तुमच्या ड्राफ्टमध्ये उत्तरात "त्यामुळे" दिसला की रेकॉर्डिंगला परत जायचं आणि तो सरांचा आहे का तुमचा बघायचं. तुमचा असेल तर काढायचा, आणि काढल्यावर दोन वाक्यं एकमेकांपासून लांब पडत असतील तर ती मुळात लांबच होती, त्यांना लांबच ठेवायचं, मध्ये नवा परिच्छेद नाहीतर नवा प्रश्न. कापताना मी एक गोष्ट पाळतो, उत्तराच्या आतून कापायचं तर अख्खं वाक्य कापायचं, वाक्याच्या पोटातून नाही. अख्खं वाक्य गेलं तर फार तर माहिती कमी होते. पोटातून कापलं की अर्थ फिरतो.

मग गहाळ झालेली माहिती भरायची कुठं? सुपर टॅकल म्हणजे काय, बोनसला सहा लागतात, हे वाचणाऱ्याला सांगायला तर हवं. नवशिके लोक (मीही) ते उत्तरात घुसवतात. मग कोच स्वतःच्याच खेळाचे नियम पत्रकाराला शिकवतोय असं वाटायला लागतं, जे तो करत नव्हता, त्याला माहीत होतं की मला माहितीय. माझ्या मते मॅटनं जे सांगितलं होतं ते प्रश्नानं सांगायचं. उत्तर त्याचं, प्रश्न आपला, तेव्हा ओझं आपल्या बाजूला घ्यायचं. मी तिथं प्रत्यक्षात विचारलेलं होतं, "सर ते बोनस, म्हणजे परवाच्या मॅचला पण, का जातात एवढे?" हे असंच छापायची काही गरज नाही, माझी बडबड वाचायला कुणी येत नाही. शेवटी छापलं ते असं:

प्रश्न: समोर सहा-सात बचावपटू असताना रेडर बोनस लाईनच्या पलीकडं पाय टाकून एक गुण घेऊन जातो. तुमच्या टीमचे असे बरेच गुण जातात, कोपऱ्यातला खेळाडू चुकतो कुठं?

उत्तर: लगीच जातोय. जायचंच नाही. मी काय म्हणतोय, थांब. रेडर लाईनच्या पलीकडं पाय टाकणार, तेव्हा त्याचा मागचा पाय कुठंय? वर. मग तेव्हा जा, टाकलेला पाय धर. तोपर्यंत कॉर्नरनं हलायचं नाही. आणि एकटा गेला की संपलं, शेजारचा कव्हर आला पाहिजे ना. तो येत नाही, बघत बसतो.

प्रश्न: आणि तिघंच उरले की? तेव्हा पकडीला दोन गुण असतात.

उत्तर: मग तर काय, दोन मिळतात ना, पोरं येडी होतात, धावतातच.

बघा, "लगीच" राहिलं, "कुठंय? वर." राहिलं, त्यातच सर आहेत. नावं भरली, चप्पल गेली, माझी बडबड गेली.

पण इथं एक कबुली द्यायला हवी. तो दुसरा प्रश्न मी विचारलेलाच नव्हता. सर आपणहून तिकडं गेले होते. असा पुलाचा प्रश्न टाकावा का यावर लोकांचं एकमत नाही, मला ओळखीचे एक जुने संपादक तर अजिबात चालवून घेत नाहीत, ते म्हणतात कंसात तिरप्या अक्षरात एक ओळ टाक, प्रश्न बनवू नकोस. मी टाकतो, पण दोनच अटींवर. विषय कोचनं स्वतः बदललेला असला पाहिजे, आणि प्रश्नात माझं मत किंवा आरोप नसला पाहिजे. "आणि तिघंच उरले की?" चालतं. "तिघं उरले की तुमची टीम का कोलमडते?" हे चालत नाही, कारण मग उत्तर आरोप मान्य केल्यासारखं वाचलं जातं. तेच विचारलेल्या प्रश्नांना पण लागू आहे. मऊ विचारलेलं नंतर घरी बसून टोकदार करायचं नाही. सिलेक्शनबद्दल चाचरत विचारलं असेल तर चाचरतच छापायचं, कारण त्यानं उत्तर त्या चाचरण्याला दिलंय.

यावरून "आपण". हा मराठीचा खास खड्डा. वरच्या तुकड्यातलं "तोपर्यंत आपण हलायचं नाही" सोपं आहे, आपण म्हणजे कॉर्नर. पण याच सरांचं पुढं एक वाक्य आहे, "आपण सिलेक्शनला कधी कुणाचं नाव पुढं केलं नाही". इथं आपण म्हणजे मी? आमचं मंडळ? का आपण सगळेच कोच लोक? आमच्याकडं तिन्ही अर्थांनी बोलतात. पहिला ड्राफ्ट करताना मी सगळे आपण सरसकट "मी" करून टाकायचो, वाचायला बरं वाटतं म्हणून. पण "मी कधी नाव पुढं केलं नाही" आणि "आमच्या मंडळानं कधी केलं नाही" या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, उद्या कुणी बोट दाखवलं तर दोन वेगळी माणसं अडकतात. त्यामुळं जिथं आपण मध्ये दावा आहे तो आपण फोनच्या यादीत. जिथं नुसती बोलायची सवय आहे तिथं आपण तसाच, तो बदलायचा नाहीच.

तुटक आकड्यांचं पण असंच. "तिसरीला मी त्याला पाठवतच नाही, घाबरतो." याचा अर्थ तिसरी चढाई, म्हणजे लागोपाठ दोन रिकाम्या गेल्यावरची करो या मरोवाली, गुण आणला नाही तर रेडर बाद. मी टाईप करायला एका कॉलेजच्या पोरीला दिलेलं, तिनं बिचारीनं "इयत्ता तिसरीला" केलं, कारण सर शाळेत शिकवतात हे तिला माहीत होतं! तिची काही चूक नाही. दुसऱ्याकडून टाईप करून घेत असाल तर अशा वीसेक शब्दांची चिठ्ठी आधी द्या: तिसरी, लोण, चेन, डॅश, अँकल, लॉबी. आणि तरी स्वतः एकदा कानाला लावून पूर्ण ऐकाच, टाईप केलेलं समोर धरून, जिथं शंका तिथं स्पीड कमी करून.

बोलीचं काय करायचं हे सगळे विचारतात. मी पूर्वी सगळं प्रमाण करायचो, मग एकदा उलट टोकाला गेलो, "न्हाय", "म्हनलं", "पानी", प्रत्येक उच्चार उतरवला, आणि सर एकदम नाटकातल्या विनोदी पात्रासारखे दिसायला लागले. वाईट वाटलं त्यांना, आणि बरोबर होतं त्यांचं, कारण माझे प्रश्न मी शुद्ध लिहिले होते, मीही तसाच बोलतो तरी. आता मी शब्द आणि क्रियापदाचं वळण ठेवतो (जातोय, लगीच, येडी, पलीकडं) आणि उच्चार नेहमीच्या स्पेलिंगमध्ये लिहितो. "बघा", "म्हणजे", "ना", "काय" यांची कत्तल एका दमात करायची नाही. "म्हणजे" बहुतेक वेळा नुसता श्वास असतो, तो काढा, पण "म्हणजे तसं नाही" मध्ये माणूस स्वतःला दुरुस्त करतोय, तिथं तो हवा. "बघा" नंतर काही दाखवलं जाणार असेल तर ठेवा.

पोरांची नावं मात्र सगळी काढतो. सर मुलाखतीत चार वेळा एकाच पोराचं नाव घेऊन म्हणाले की तो घाबरट आहे. प्रॅक्टिसला ते चालतं, तो पोरगा तिथंच उभा होता, हसत होता. छापलं की ते गावभर होतं आणि वर्षानुवर्षं राहतं. "एक रेडर आहे" एवढं पुरतं.

शेवटी वाचून दाखवणं. मी पूर्ण मजकूर पाठवत नाही, एकदा पाठवलेला, तो एका कोचनं पुतण्याला दिला आणि पुतण्यानं त्यात "सन्माननीय" घालून परत पाठवला. फोनवर फक्त यादीतल्या जागा विचारतो आणि तांत्रिक उत्तरं मोठ्यानं वाचतो. तांत्रिक चूक असेल तर बदलतो, मत बदलायचं असेल तर रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते सांगतो आणि मग बोलणं होतं. या सरांना वरचं उत्तर वाचून दाखवलं. पायाचं तेव्हाच दुरुस्त झालं. "पोरं येडी होतात" वर मी थांबलो, म्हटलं सर हे पालक वाचतील, राहू दे का? ते म्हणाले राहू दे, त्यांना घरी दिसतंयच की. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "ते कव्हर बघत बसतो म्हणलंय ना, ते जरा... नको, असू दे. वाचल की तो." असू दे म्हणाले म्हणून ठेवलं.